आधी इशारा, मग कृती

शाळेच्या विज्ञानप्रयोगांची एक इंग्रजी पुस्तिका मी मराठीत आणतो आहे. त्यातल्या एकाच प्रयोगाबद्दल आज बोलतो. पानात स्टार्च आहे का, हे तपासण्याचा हा प्रयोग तुम्हीही केला असेल. पान पाण्यात उकळायचं, स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग काढायचा, कोमट पाण्यात धुवायचं आणि वर आयोडीनचे थेंब टाकायचे. स्टार्च असेल तर पान निळंकाळं होतं.

धोका दुसऱ्या पायरीत आहे. स्पिरिट साधारण ७८ अंश सेल्सिअसला उकळतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती टेबलावरून पसरत शेजारच्या ज्योतीपर्यंत जाऊ शकते. स्पिरिट पेटलं, तर त्याची फिकट ज्वाळा भर उजेडात चटकन दिसतही नाही.

मूळ पुस्तिकेत आधी स्पिरिट गरम करायला सांगितलं होतं आणि ज्योत दूर ठेवण्याची सूचना परिच्छेदाच्या शेवटी होती. मुलं एक ओळ वाचतात, ती करतात, मग पुढची वाचतात. सूचना वाचेपर्यंत स्पिरिट बर्नरजवळ पोचलेलं असणार.

म्हणून सूचना वर घेतली आणि लिहिलं, ‘पेटत्या बर्नरजवळ स्पिरिट नेऊ नका.’ पण मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. एक मूल मोठ्याने वाचतं आणि दुसरं हात चालवतं, तेव्हा ‘नका’ कानावर पडायच्या आत ‘स्पिरिट ने’ एवढंच पोचतं. ‘स्पिरिट ओतण्यापूर्वी बर्नर विझवा’ यातही ओतणं आधी ऐकू येतं.

अखेर पायरी अशी लिहिली:

‘इशारा: स्पिरिटची वाफ पेट घेते. बर्नर विझवा. आसपासचे सगळे बर्नर विझले आहेत ना, ते पाहा. शिक्षकांना दाखवा.
कृती: आता परीक्षानळीत पान ठेवा. पान बुडेल एवढंच स्पिरिट ओता. नळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात उभी करा.’

यात प्रत्येक वाक्य एकच काम सांगतं, आणि ज्या क्रमाने हात चालायला हवेत त्याच क्रमाने वाक्यं येतात. कारणही इशाऱ्यातच आहे, कारण ते कळलं नाही तर मुलं शेजारच्या टेबलावरचा बर्नर मोजत नाहीत.

आणखी एक अडचण होती. पाणी निवलं की पान हिरवंच राहतं आणि मुलं पुन्हा बर्नर पेटवतात. म्हणून तिथे वेगळा इशारा घातला: ‘बर्नर विझलेलाच ठेवा. पाणी निवलं असेल, तर शिक्षकांकडून दुसरं गरम पाणी घ्या.’ स्पिरिट हिरवं आणि पान फिकट झालं, की ही पायरी संपली.

छपाईला देताना एक गोष्ट मात्र तपासावीच लागते. इशारा एका पानाच्या तळाशी आणि कृती पुढच्या पानावर गेली, तर पान उलटलेलं मूल थेट कृतीपासून सुरुवात करतं. म्हणून दोन्ही एकाच चौकटीत ठेवायच्या.