घाट उतरणारी गाडी

(वाई येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



निमंत्रणपत्रिकेवर आजच्या विषयाचे नाव ‘डोंगरी रस्त्यांसाठी वाहनाची निवड’ असे छापले आहे, आणि चिटणीसांनी ते छापण्यापूर्वी माझ्याशी रुजवात केली होती हेही खरे. तथापि आरंभीच कबूल करतो की या विषयावर मला सांगायचे आहे ते एवढेच की घाटासाठी गाडी घेणारा मनुष्य ती घाट कशी चढते हे पाहतो, आणि पाहावयास हवे ते ती घाट कशी उतरते हे. वाईत ‘घाट’ म्हटले की निम्म्या मंडळींच्या डोळ्यांपुढे कृष्णेचा घाट येतो. त्या घाटावर पायऱ्या उतरताना आपण गुडघ्यांचा विचार करतो, छातीचा नव्हे, हे येथील ज्येष्ठांना सांगावयास नको. (हशा) गाडीचेही तेच आहे.

परंतु चढाला अगदीच वगळले तर चिटणीस मानधन रोखतील, म्हणून प्रथम चढाकडे वळतो. अश्वशक्ती म्हणजे काय आणि टॉर्क म्हणजे काय हा भेद आपण शाळेत शिकलाच आहात, तो मी येथे पुन्हा उगाळत नाही. यंत्राच्या दांड्यात पीळ किती तो टॉर्क, आणि तो पीळ मिनिटाला किती फेऱ्यांवर हाती येतो हा खरा प्रश्न. आपला पसरणीचा घाट घ्या. चार माणसे आणि त्यांच्या पिशव्या धरून दीड हजार किलोची गाडी एका तीव्र वळणात, जेथे आतल्या कडेला चढ आठास एक आहे, तेथे ताशी वीस किलोमीटरने शिरली असे समजा. तिला वर ओढण्यास चाकांशी सुमारे दोन हजार न्यूटन बळ लागते. साधारण लहान मोटारीच्या दुसऱ्या गिअरचा हिशेब मांडला, तर त्यासाठी इंजिनाने नव्वदेक न्यूटन-मीटर पीळ द्यावयास हवा, आणि त्या वेगाला त्याच गिअरमध्ये इंजिन फिरत असते मिनिटाला जेमतेम साडेतेराशे फेरे. आता बाराशे सी.सी.च्या साध्या पेट्रोल इंजिनाच्या माहितीपत्रकात एकशे दहाच्या आसपास न्यूटन-मीटर लिहिलेले असते खरे, पण त्याच ओळीत बारीक अक्षरांत चार हजारांच्या पुढचे फेरेही लिहिलेले असतात. साडेतेराशेवर तेच इंजिन ऐंशीच्या घरात घुटमळते, आणि गाडी धापा टाकू लागते. टर्बो असलेले इंजिन कागदावर पावणेदोनशे देते, परंतु टर्बो बहुधा दीड हजारांच्या पुढे जागा होतो, म्हणजे नेमका आपल्या वळणाच्या पलीकडे. डिझेलचा पीळ मोठा असल्यामुळे ते अशा वेळी बऱ्यापैकी तरते. पण मुद्दा असा की पहिल्या गिअरमध्ये तेच वळण घेतले तर इंजिनाकडून मागणी पन्नासच्याही आत येते आणि फेरे अडीच हजारांच्या जवळ जातात. म्हणजे बाजारात मिळणारी बहुतेक कोणतीही गाडी ते वळण हसत चढते. अडचण इंजिनाची नसते, पहिला गिअर टाकणे म्हणजे अब्रू गेली असे मानणाऱ्या चालकाची असते.

समोरच्या रांगेतील एक गृहस्थ मान हलवीत आहेत. माझ्या माहितीप्रमाणे त्यांचा गाड्या विकण्याचा व्यवसाय आहे, आणि त्यांच्या उपजीविकेवर गदा आणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. (हशा) मोठे इंजिन अवश्य विका; तेवढ्यावर घाटाचा निकाल लागत नाही, इतकेच माझे म्हणणे.

आता उताराकडे. वाईपासून पाचगणी सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. चढताना इंजिनाने इंधन जाळून त्या उंचीच्या खात्यात जी रक्कम भरली, ती उतरताना कोठेतरी खर्ची पडलीच पाहिजे, आणि निसर्गाच्या दफ्तरी तिची नोंद उष्णता म्हणूनच होते. आपल्या दीड हजार किलोच्या गाडीसाठी ही रक्कम पंचवीस लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी भरते. आजोबांच्या न्हाणीघरात जो तांब्याचा बंब होता तो डोळ्यांपुढे आणा. बारा किलोमीटरचा हा उतार ताशी तीसच्या वेगाने चोवीस मिनिटांत उतरला, तर टायरांचे घर्षण आणि वारा यांनी आपला चौथा हिस्सा घेतल्यावरही स्नानगृहातले दोन किलोवॅटचे दोन गिझर सतत चालू ठेवावेत इतकी उष्णता उरते. ती कोणी पत्करायची? ब्रेकच्या, म्हणजे मुख्यतः पुढच्या दोन चाकांतल्या जेवणाच्या ताटाहूनही लहान अशा लोखंडी चकत्यांनी, की इंजिनाने? इंजिनापाशी रेडिएटर आहे, पंखा आहे, आतून वाहणारे पाणी आहे. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी तीसला ते दोन हजार फेरे घेत असते, आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की त्यातले घर्षण व हवा ओढण्याची ओढाताण मिळून या ओझ्याचा बराच मोठा वाटा ते मुकाट्याने उचलते. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा एस.टी.च्या जुन्या चालकांचा शिरस्ता याच हिशेबावर उभा आहे. तो त्यांनी कागदावर कधी मांडला नाही, एवढेच.

येथे मला माझीच एक कैफियत सादर करणे प्राप्त आहे. ती दोन मिनिटांत आटोपीन असे मी अध्यक्षांना सांगितले होते. एका कार्यशाळेतील माझ्या नोकरीला चार वर्षे झाली होती, एक जुनी मोटार मी स्वस्तात घेतली होती, आणि महाबळेश्वराहून आंबेनळीमार्गे पोलादपूरला उतरत होतो. मागे पत्नी, शेजारी सासरे; ते सेवानिवृत्त अव्वल कारकून, म्हणजे अक्षर वळणदार आणि मत ठाम. यंत्रशास्त्राची पदवी खिशात असूनही मी त्या दिवशी, पेट्रोल वाचावे म्हणून, न्यूट्रल टाकून उतरत होतो. ही लज्जास्पद गोष्ट आहे, आणि ती लपवण्याचे आता वय राहिले नाही. पहिले आठ किलोमीटर सासरेबुवा माझ्या काटकसरीवर प्रसन्न होते. नंतर करपल्यासारखा वास येऊ लागला. तो कोणीतरी रान पेटवल्याचा असावा असे मी त्यांना सांगितले. पुढच्या वळणाला ब्रेकचे पेडल लोण्यात जावे तसे खाली गेले. पुन्हा दाबले, तळाशी टेकले. सासरे शांतपणे म्हणाले, “जावईबापू, गाडी तुमच्या हुकमात नाही असे दिसते.” मी पहिला गिअर टाकू पाहिला, तो दाताला दात लावीना, तिसरा पडला, मग दुसरा, इंजिन किंचाळले, वेग मोडला, आणि हँडब्रेक थोडा थोडा ओढीत डोंगराच्या बाजूच्या गटारात डावे चाक घालून आम्ही उभे राहिलो. अर्ध्या तासाने पेडल आपोआप पूर्ववत घट्ट झाले! दुसऱ्या दिवशी मी सर्व ब्रेक खोलून पाहिले, कोठेही गळती नव्हती.

अर्ध्या तासाने पेडल परत येणे हीच त्या दोषाची खूण. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. ‘डॉट ३’ प्रतीचे नवे ऑइल निदान दोनशे पाच अंशांपर्यंत उकळत नाही. ओल भिनल्यावर तीच मर्यादा एकशे चाळीसवर उतरते. चाकाशी ते उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते पण जोर पुढे पोहोचवीत नाही, आणि निवले की तीच वाफ पुन्हा द्रव होऊन निर्दोषत्वाचा आव आणते. माझ्या गाडीतले ऑइल मागच्या मालकाने कधी बदलले होते हे त्यालाही आठवत नव्हते. ते विचारण्याची तजवीज मी अपघातानंतर केली. याउलट पेडल दगडासारखे घट्ट लागते परंतु गाडी थांबत नाही, तेव्हा ऑइल ठीक असते आणि लायनर तापून त्यांची पकड सुटलेली असते. दोन्हींत गाडी कडेला घेऊन चाकाला दगड लावा, गिअरमध्ये ठेवा आणि थांबा. चकत्यांवर पाणी ओतू नका. आणि थांबल्यावर वारा बंद होऊन आतली उष्णता ऑइलकडे सरकते, तेव्हा ‘आत्ता तर लागत होता’ म्हणून लगेच निघू नका.

मागून कोणीतरी विचारीत आहे की न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचते की नाही. माझ्या त्या जुन्या गाडीत कदाचित चमचाभर वाचले असेल. आजच्या गाडीत गिअरमध्ये पाय काढून उतरताना इंजिनाकडे जाणारे इंधनच बंद होते, चाकेच ते फिरवीत असतात. न्यूट्रल टाकले तर मात्र ते चालू ठेवण्यासाठी इंधन जाळावे लागते. म्हणजे काटकसर गिअरमध्येच आहे. नाही, इंजिन बंद करणे हा उपाय नव्हे! दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेकची मदत संपते आणि स्टिअरिंग जड होते. कृपा करून असे कोणी करू नका. मी चेष्टा करीत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे: ‘पाच मिनिटे’. गिअरबॉक्सला मी निदान वीस राखून ठेवली होती. तेव्हा थोडक्यात. स्वयंचलित गाडी घेणाऱ्याने एकच गोष्ट विचारावी, की खालचा गिअर मी माझ्या हाताने धरून ठेवू शकतो का. ज्यात साधाच क्लच यंत्राने दाबला जातो त्या ए.एम.टी. गाड्या चढावर, ऐन वळणात, स्वतःच्या अकलेने वरचा गिअर टाकतात आणि उतारावर तुम्हाला मोकळे सोडतात. त्यांच्यातला हाताने गिअर बदलण्याचा ‘एम’ घाटात लावावा. दोन कोरडे क्लच असलेली पेटी चढावरच्या रांगेत मुंगीच्या गतीने सरकवली तर तापते आणि तक्रार करते. तिला ॲक्सिलरेटरवर तोलून धरणे म्हणजे हाफ क्लचच, फक्त पाय यंत्राचा. ब्रेकने थांबवा, पुढे जागा झाली की निघा. टॉर्क कन्व्हर्टर चढावर सर्वांत सोशिक असतो. सी.व्ही.टी.मध्ये ‘एल’ किंवा ‘एस’ असेल तरच घ्या. विजेच्या गाडीबद्दल कोणी विचारणार हे मला ठाऊक होते: ती उतारावर वीज परत भरते, उत्तम आहे, परंतु पाचगणीला शंभर टक्के भरून निघालात तर ती वीज ठेवायला जागाच नसते आणि सारा भार पुन्हा ब्रेकवर येतो. ऐंशीवर काढा.

आणि गाडी पाहायला जाल तेव्हा शोरूमपुढच्या सपाट रस्त्यावर चक्कर मारून सही करू नका. चार माणसे बसवा, घाटात न्या, आठास एकच्या चढावर मधेच थांबवून पुन्हा उचला. मग घाटाच्या सरासरी उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये ताशी तीसला पाय काढा आणि वीसपर्यंत मोजा. काटा तीसच्या आसपास राहिला तर पुढची बोलणी करा. चाळीसकडे धावला, तर समोरच्या गृहस्थांना नमस्कार करून परत या. (हशा)

घंटा झाली. बाहेर ज्यांच्या गाड्या उभ्या आहेत त्यांच्यापैकी कोणाला आपले ब्रेक ऑइल मधाच्या रंगाचे आहे की काढ्याच्या, हे पाहायचे असेल, तर त्यांनी थांबावे. माझ्याकडे विजेरी आहे.