नवा माल आल्याची वर्दी



व्यवसायासंबंधी चार उपयुक्त गोष्टी सांगाव्यात अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, म्हणून आम्ही येथे उभे आहोत. विषय लहानसाच निवडला आहे. दुकानात नवा माल आला की नेहमीच्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवरून छायाचित्रांसह वर्दी पाठविण्याची रीत आता घरोघर झाली आहे. आमच्या लुगड्यांच्या दुकानात वडिलांच्या काळी दिवाळीपूर्वी पोस्टकार्डे जात. त्यांची जागा या वर्दीने घेतली. आपल्यापैकी कित्येक घरी हे काम सुना-मुली पाहतात. तेव्हा त्यांनाही उपयोगी पडेल अशा बेताने बोलू.

प्रथम ही वर्दी जाते कशी ते पाहू. पुष्कळ मंडळी गिऱ्हाइकांचा एक ग्रूप करतात. आमच्या मते ते बरे नव्हे. ग्रूपमध्ये प्रत्येकाचा नंबर इतरांस दिसतो, एकीने भाव विचारला की सर्वांचे फोन वाजतात, आणि कोणी काय घेतले याची चर्चा होते. लुगडे कितीचे घेतले हे जावेला कळावे अशी प्रत्येकीची इच्छा असतेच असे नाही! याकरिता ब्रॉडकास्टची यादी करावी. मेनूमध्ये New broadcast असे असते, तेथे नावे निवडावयाची. मग एकदाच पाठविलेला मजकूर प्रत्येकीस स्वतंत्र पत्रासारखा पोहोचतो, आणि तिचे उत्तर फक्त दुकानाकडे येते. एका यादीत २५६ नावे मावतात. अधिक असल्यास दुसरी यादी करावी. आम्ही नऊवारी घेणाऱ्या आणि सहावारी घेणाऱ्या अशा दोन याद्या ठेवल्या आहेत. त्यामुळे जिला जे नको ते तिच्याकडे जात नाही.

येथे एक खोच आहे, आणि ती ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांची निराशा होते. ब्रॉडकास्ट फक्त अशाच व्यक्तीस पोहोचतो, जिने आपल्या फोनमध्ये दुकानाचा नंबर साठवून ठेवला आहे. आपण तिचा नंबर साठविला एवढ्याने भागत नाही. यादीत २४० नावे असतात, दुकानदार समजतो की २४० घरी वर्दी गेली. वस्तुतः ती दीडशेच घरी गेलेली असू शकते. हे ओळखण्याची युक्ती अशी. पाठविलेल्या संदेशावर बोट दाबून धरून Info पाहावे. तेथे कोणाकोणाला पोहोचला आणि कोणी वाचला ही नावे येतात. दोन दिवसांनंतरही ज्यांची नावे त्यात नाहीत, त्यांपैकी एखादीला स्वतंत्र, साधा संदेश पाठवावा. तो पोहोचून दोन खुणा उमटल्या, पण ब्रॉडकास्ट पोहोचला नव्हता, तर तिने नंबर साठविलेला नाही असे खुशाल समजावे. साधाही संदेश एका खुणेवरच अडून राहिला तर फोन बंद असेल, नंबर बदलला असेल, किंवा तिने आपल्याला बंद करून टाकले असेल. अशा वेळी पुन्हापुन्हा पाठवू नये. नंबर साठविण्याची विनंती करण्याची योग्य जागा म्हणजे दुकानाचा गल्ला. पावती देतानाच, ‘नवा माल आल्यावर कळवू का?’ असे विचारावे, आणि हो म्हटले तर तेथेच तिच्याकडून नंबर साठवून घ्यावा. न विचारता नावे घातली की लोक संदेशाची तक्रार करतात, आणि तक्रारी वाढल्या की कंपनी तो नंबरच बंद करते. मग पाठीमागची सर्व पत्रापत्री हातची जाते.

आता खरा प्रश्न छायाचित्राचा आणि मजकुराचा. यासाठी एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावची लुगडी, ज्यांना आपण इरकल म्हणतो, त्यांचे १४ नग दुकानात आले असे समजा. हातमागाचा माल असल्यामुळे बहुतेक रंगाचा एकेकच नग आहे. गिरणीच्या कापडाची वर्दी आणि या मालाची वर्दी यांत येथेच फरक पडतो. गिरणीच्या मालात एक ठाण संपले तर दुसरे मागविता येते, येथे मात्र जे गेले ते गेले.

इरकलीत ताणा सुती आणि बाणा सुती, दोन्ही रेशमी, किंवा सुताबरोबर रेशीम वा नकली रेशीम असे प्रकार असतात, आणि भावांत मोठे अंतर पडते. छायाचित्रात हे तिन्ही-चारी प्रकार सारखेच चकाकतात. तेव्हा सूत कोणते ते शब्दांनी लिहिलेच पाहिजे. शिवाय इरकलीच्या पदराची उभार निराळी असते. अंगाच्या ताण्याला पदराचा ताणा फाशांनी जोडून तो विणतात. हा जोड नीट पाहिल्यास दिसतो, आणि यंत्रमागाच्या नकलेत तो नसतो. म्हणून आम्ही प्रत्येक लुगड्याची दोन छायाचित्रे घेतो, एक काठ-पदर उलगडून आणि एक या जोडाचे, अगदी जवळून. जाणत्या बायका दुसऱ्यावरच अधिक वेळ थांबतात.

रंगाविषयी तर तक्रारी ठरलेल्याच. दिव्याखाली काढलेल्या छायाचित्रात डाळिंबी रंग विटकरी दिसतो आणि मोरपिशी काळपट. दिवसा, खिडकीपाशी, पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी लुगडे पांढऱ्या चादरीवर पसरावे. छायाचित्र झाल्यावर फोन आणि लुगडे शेजारी धरून पाहावे. फरक राहिलाच तर तो मजकुरात सांगून टाकावा. फोनमधील रंग खुलविण्याच्या सोयी मात्र वापरू नयेत. त्यांनी विक्री एकदा होते, आणि लुगडे परत येते.

भाव लिहावा की लिहू नये, यावर जुन्या मंडळींत मतभेद आहे. ‘भावासाठी विचारा’ असे लिहिले की चौकशा पुष्कळ येतात हे खरे. परंतु दिवसभर एकाच प्रश्नाला चाळीस उत्तरे देत बसावे लागते, आणि एकीला एक भाव, दुसरीला दुसरा असा संशय येतो तो वेगळाच. आम्ही प्रत्येक छायाचित्राखालीच क्रमांक आणि भाव लिहितो, कारण छायाचित्रे पुढे बहिणीला, नणंदेला पाठविली जातात आणि स्वतंत्र लिहिलेला मजकूर मागे राहतो. आमच्या एका छायाचित्राखालचा मजकूर असा असतो:

‘क्र. ७. इरकल, हातमाग. ताणा सुती, बाणा रेशमी. नऊवारी, झंपराचे कापड नाही. डाळिंबी अंग, तांबडा पदर. काठाजवळ एका जागी धागा जाड आहे, छायाचित्रात खूण केली आहे. रु. ३,६५०, टपालखर्च वेगळा. एकच नग.’

जाड धाग्याचे वाक्य वाचून काही बंधू हसतील. पण हातमागावर अशी खोड येतेच, आणि आधी सांगितलेल्या खोडीसाठी कोणी लुगडे परत करीत नाही.

चौदा छायाचित्रांनंतर शेवटी मागणी कशी करावी याचा एक संदेश जातो. त्यात एवढेच असते: हव्या त्या छायाचित्रालाच उत्तर देऊन ‘हवे’ असे लिहावे, पूर्ण पत्ता पिनकोडसह द्यावा, दुकानाकडून ‘राखले’ असे उत्तर येईपर्यंत पैसे पाठवू नयेत, आणि ते आल्यावर संध्याकाळपर्यंत पाठवावेत. यातील ‘राखले’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. क्रमांक ७ दोघींना आवडले, दोघींनी पैसे पाठविले, आणि मग एकीला नाही म्हणावे लागले, तर वीस वर्षांचे गिऱ्हाईक तुटते. आमच्याकडे जिचे उत्तर आधी येऊन पोहोचले तिचा पहिला हक्क. दुसरीला लगेच कळवितो की, पहिलीने सोडले तर आपला क्रमांक आहे. ओळख, नाते, मोठी खरेदी यांपैकी कशासाठीही हा क्रम मोडीत नाही.

घोटाळा होतो तो बहुधा दुकानातच. एकच नंबर मालकाच्या फोनवर आणि सुनेच्या संगणकावर चालू असतो. ती एकीला ‘राखले’ लिहिते, हे दुसरीला. तिसरीकडे गल्ल्यावर उभी असलेली बाई तेच लुगडे नेसून पाहत असते. यावर यंत्राचा उपाय नाही, कपाटाचा आहे. वर्दी जाण्यापूर्वी चौदाही नग वेगळ्या खणात ठेवावेत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते गल्ल्यावर विकू नयेत. ‘राखले’ लिहिणारी व्यक्ती एकच असावी, आणि लिहिण्याआधी तिने तो नग हातात घेऊन त्यावर नावाची चिठ्ठी टाचावी. चिठ्ठी नाही तर ‘राखले’ नाही.

काय गेले आणि काय उरले हे कळविण्यासाठी पुन्हा सर्वांना संदेश पाठवू नयेत. उरलेल्या नगांची छायाचित्रे दुकानाच्या स्टेटसवर लावावीत. ती २४ तासांनी आपोआप नाहीशी होतात, आणि ज्यांना पाहावयाची त्याच पाहतात. महिन्यातून दोनदापेक्षा अधिक वर्दी आम्ही पाठवीत नाही. रोज ‘शुभ सकाळ’ पाठविणाऱ्या दुकानाची इरकल आली तरी ती कोणी उघडून पाहत नाही.

पैशांबाबत एक सावधगिरी. यूपीआयने पैसे पाठविल्याचे छायाचित्र म्हणजे पैसे मिळाल्याचा पुरावा नव्हे. तसे छायाचित्र खोटे बनविता येते. आपल्या खात्यात रक्कम जमा झालेली स्वतः पाहावी आणि मगच माल बांधावा. उलट बाजूनेही फसवणूक होते. आपलीच छायाचित्रे घेऊन कोणी दुसऱ्या नंबरावरून, भाव कमी सांगून, आपल्याच गिऱ्हाइकांकडून पैसे मागतो. म्हणून पैसे पाठविताना फोनवर खातेदाराचे कोणते नाव दिसले पाहिजे ते पावतीवर छापावे, आणि ते कधीही संदेशाने बदलू नये. खाते बदलणे भागच पडले तर प्रत्येकीला फोन करावा.

माल पाठविताना क्रमांक ७ ची चिठ्ठी लुगड्यावर तशीच ठेवून घडीचे एक छायाचित्र काढावे, आणि टपालाच्या पावतीवरील क्रमांकासह ते गिऱ्हाइकास पाठवावे. यादीत काही वृद्ध भगिनी अशाही आहेत की ज्यांना यातले काहीच जमत नाही. त्यांची वेगळी वही आम्ही ठेवली आहे. वर्दी जाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांना दूरध्वनी करून चौदाही लुगड्यांचे रंग आणि भाव तोंडी सांगतो, आणि त्यांनी सांगितलेल्या नगावर तेव्हाच चिठ्ठी टाचतो.