आधी हप्ता, मग घर



कर्ज विभागात काम करताना मला रोज एकच प्रश्न ऐकू यायचा, 'साहेब, मला किती कर्ज मिळेल?' मला किती हप्ता झेपेल, असं विचारणारे फार थोडे भेटले. घरात दोन पगार असतात तेव्हा हा फरक काही अंशी खपून जातो, कारण एक पगार थांबला तर दुसरा चालू असतो. एकाच माणसाच्या कमाईवर चालणाऱ्या घरात तो खपत नाही. आजचं व्याख्यान अशाच घराबद्दल आहे.

एक घर समोर ठेवू. पुण्यात राहणारं कुटुंब, कमावता एकटा, वय अडतीस. पत्नी घर सांभाळते, दोन शाळकरी मुलं आहेत, आई सोबत राहते. हातात येणारा पगार 80,000 रुपये, भाडं 17,000. भविष्यनिर्वाह निधी सोडून, मुदतठेवी आणि म्युच्युअल फंड मिळून 26 लाखांची शिल्लक. मनात भरलेला फ्लॅट 60 लाखांचा आहे, जुना, राहता, म्हणजे त्यावर जीएसटी नाही.

हे गृहस्थ बँकेत गेले तर काय होतं ते पाहू. 30 ते 75 लाखांच्या कर्जासाठी घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली आहे, म्हणजे इथे 48 लाख. दुसरी कसोटी पगाराची. सगळे हप्ते मिळून पगाराच्या साधारण निम्म्यापर्यंत जाऊ द्यायचे, असं अनेक बँका धरतात. निम्मा पगार 40,000. वीस वर्षं मुदत आणि साडेआठ टक्के व्याज धरलं तर एक लाखाला महिना 868 रुपये हप्ता पडतो. या हिशेबाने त्यांना 46 लाख मंजूर होतात आणि हप्ता बसतो जवळजवळ 39,900. घरात पेढे वाटले जातात.

आता तोच हिशेब त्यांच्या स्वयंपाकघराच्या बाजूने मांडा. भाडं वगळून महिन्याचा खर्च 38,000. वर्षातून एकदा येणारे खर्च, म्हणजे शाळेची फी, विम्याचे हप्ते, दिवाळी, गावची जत्रा, मिळून 1,08,000, म्हणजे महिना 9,000. हा आकडा लोक हमखास विसरतात. स्वतःचं घर झालं की सोसायटीचा मेंटेनन्स आणि मिळकतकर लागतो, तो 4,500 धरू. बेरीज 51,500. हप्ता गेल्यावर उरतात 40,100. म्हणजे बँकेने मंजूर केलेल्या कर्जावर हे घर पहिल्याच महिन्यापासून साडेअकरा हजारांच्या तुटीत आहे. बँकेने इथे काही फसवलेलं नाही. तिच्या कसोटीत आईची औषधं आणि मुलांची फी वेगळी मोजलीच जात नाही. ती आपणच मोजायची असते.

म्हणून मी उलटा क्रम सांगतो. घराची किंमत सगळ्यात शेवटी ठरवायची. पहिल्यांदा हप्ता, मग मुदत, मग कर्ज, मग हातचं किती घालायचं ते, आणि या सगळ्यातून जी किंमत निघेल ती आपली.

80,000 मधून 51,500 गेले की उरतात 28,500. त्यातले 4,500 निवृत्तीसाठी आणि अडीअडचणीसाठी बाजूला पडलेच पाहिजेत. राहिले 24,000. ही हप्त्याची कमाल मर्यादा, पण आजच्या व्याजदराची नव्हे, उद्या व्याज चढेल तेव्हाची.

हे मी ठासून सांगतो, कारण ते घडून गेलेलं आहे. मे 2022 च्या सुरुवातीला रेपो दर 4 टक्के होता. फेब्रुवारी 2023 मध्ये तो साडेसहा झाला. दहा महिन्यांच्या आत अडीच टक्के! घरकर्जांचे फ्लोटिंग दर बहुतेक ठिकाणी रेपोला बांधलेले, त्यामुळे तेही तेवढेच चढले. त्या वाढीच्या तोंडावर पावणेसात टक्क्यांनी वीस वर्षांसाठी 30 लाख घेतलेल्या माणसाचा हप्ता होता साधारण 22,800. दर सव्वानऊ झाल्यावर त्याच 30 लाखांचं नुसतं व्याजच महिन्याला 23,100 च्या वर गेलं. हप्ता पूर्ण भरला तरी व्याजसुद्धा फिटत नाही, मुद्दल दूरच राहिलं. अशा वेळी मुदत कितीही वाढवली तरी कर्ज संपत नाही, हप्ता वाढवावाच लागतो. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला निवडता आलं पाहिजे, आणि व्याजही फिटत नाही अशी स्थिती मुदतवाढीमुळे येता कामा नये. नियम चांगला आहे, पण वाढलेला हप्ता भरायचा तो आपल्याच पगारातून.

तेव्हा आपल्या कुटुंबासाठी दर दोन टक्क्यांनी चढवून, साडेदहा टक्क्यांनी हिशेब करू. वीस वर्षांना लाखामागे हप्ता येतो 998. 24,000 च्या मर्यादेत कर्ज बसतं 24 लाख. धरलेल्या साडेआठ टक्क्यांना त्याचा हप्ता 20,828. दर दोन टक्के चढले तरी तो 24,000 च्या आत राहतो.

मुदत वीसच का? गृहस्थ अडतीस वर्षांचे आहेत, निवृत्ती अठ्ठावन्नला. पगार थांबल्यावर हप्ता चालू राहता कामा नये, ही वरची सीमा. पंचवीस वर्षं घेतली तर 24 लाखांचा हप्ता 19,325 होतो, म्हणजे दीड हजार कमी. तीस घेतली तर 18,454, म्हणजे पुढच्या पाच वर्षांनी आणखी फक्त 870 वाचवले. आणि पंचवीस वर्षांत वीसच्या तुलनेत व्याज मात्र आठ लाख जास्त जातं. शिवाय सुरुवातीलाच मुदत ताणून टाकली, तर अडचणीत ताणायला काही उरत नाही.

मग पंधराच का घेऊ नये, असं काटकसरी माणूस विचारतो. पंधरा वर्षांचा हप्ता 23,634, म्हणजे वीसपेक्षा 2,800 जास्त. माझं स्पष्ट मत आहे की एका पगाराच्या घराने कागदावर वीस लिहावीत आणि जमेल तसे हे 2,800 स्वतःहून भरावेत. फ्लोटिंग दराच्या घरकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. दरमहा भरत गेलात तर कर्ज पंधरा वर्षांतच फिटतं. पण ज्या महिन्यात पगार अडकला, त्या महिन्यात बँक मागते ते 20,828 च. करारात पंधरा लिहिली असती, तर 23,634 मागितले असते.

आता डाउन पेमेंट. आपल्याकडे घरातली वडीलधारी मंडळी सांगतात, जेवढं आहे तेवढं घाला, कर्ज कमी काढा. दोन पगारांच्या घराला हा सल्ला चालेल. एका पगाराच्या घराला तो कधी कधी बुडवतो. एक लाख जास्त घातले की हप्ता उतरतो 868 रुपयांनी. तेच एक लाख बँकेत ठेवले तर आपल्या कुटुंबाचे जवळजवळ पाच हप्ते निघतात. नोकरी गेली त्या महिन्यात बँक हे विचारत नाही की तुम्ही सुरुवातीला किती जास्त भरलं होतं. सलग नव्वद दिवस थकबाकी राहिली की खातं अनुत्पादक ठरतं, आणि त्यानंतर सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येऊ शकते. भिंतींत गेलेला पैसा तेव्हा परत काढता येत नाही.

म्हणून राखीव रक्कम आधी बाजूला काढायची आणि उरेल ते डाउन पेमेंट. हात आखडून घरखर्च 45,000 आणि हप्ता 21,000, असे महिन्याला 66,000. दुसरी कमाई नाही म्हणून नऊ महिन्यांचे धरू. होतात सुमारे 6 लाख. ते मुदतठेवीत राहतील, शेअर बाजारात नाही. 26 मधले 6 गेले, राहिले 20 लाख.

या 20 लाखांतून नुसता विक्रेत्याचा हिस्सा द्यायचा नसतो, बाकीचे खर्चही असतात. पुणे शहरात मुद्रांक शुल्क 7 टक्के, नोंदणी 30,000, दलाली, सोसायटीचं हस्तांतर शुल्क, रंगरंगोटी, ओटा बदलणं. दलालीपासून पुढच्या किरकोळ गोष्टींना 1,90,000 धरू. 39 लाखांचा फ्लॅट घेतला तर मुद्रांक 2,73,000, नोंदणी आणि किरकोळ मिळून 2,20,000, डाउन पेमेंट 15 लाख. बेरीज 20 लाखांच्या किंचित आत. कर्ज 24 लाख. ही या कुटुंबाची किंमत. 60 नाही, 39.

ऐकायला हे कडू आहे, मला ठाऊक आहे. कुणी म्हणेल, राखीवही घालून 60 चा का घेऊ नये? 60 लाखांच्या फ्लॅटवर सगळे खर्च 6,40,000 होतात. 26 लाखांतून ते गेले तर घालायला 19,60,000 उरतात आणि कर्ज लागतं 40,40,000. हप्ता 35,000 च्या पुढे, घरात उरतात 45,000, गरज 51,500 ची. तुटीतच आहे, आणि आता राखीवही शून्य. ही तूट भरायला लोक सोनं तारण ठेवतात किंवा मार्जिनसाठी वैयक्तिक कर्ज घेतात. तिथे दुसरा हप्ता सुरू होतो, तोही महाग. डाउन पेमेंट उसनवारीवर उभं राहत असेल, तर घर मोठं पडतंय हे ओळखावं.

मग लहान घर, लांबचं घर, किंवा दोन-तीन वर्षं भाड्यानेच राहून साठवणं. थांबण्यात किमती वाढण्याचा धोका आहे, तो मी नाकारत नाही. पण सध्या या घरात भाडं देऊनही महिना 16,000 शिल्लक पडतात, ही ताकद कमी नाही. बांधकाम चालू असलेलं घर मात्र एका पगारावर जपून घ्यावं, कारण ताबा मिळेपर्यंत भाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही एकाच पगारातून जातात.

एक गोष्ट पत्नीच्या सहीबद्दल. ती सहकर्जदार म्हणून सही करते, तेव्हा पतीमागे सगळं कर्ज तिच्या नावावर उरतं, कमाई नसली तरी. म्हणून कर्जाएवढा नुसता मुदत विमा वेगळा घ्यावा, आणि तो 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पत्नी व मुलांच्या नावे करावा. त्या रकमेवर मग पतीच्या सावकारांचा हक्क लागत नाही. बँक एकरकमी विमा कर्जातच घालून देते, त्या विम्याच्या हप्त्यावर वीस वर्षं व्याज जातं. तो घेतलाच पाहिजे असा आग्रह झाला, तर लेखी मागावा.

शेवटी मुदतपूर्व फेडीविषयी, कारण इथे चूक सहज होते. समजा तीन वर्षांनी बोनसचे 2 लाख आले. राखीव पूर्ण असेल तरच ते कर्जात घालावेत. तेव्हा बाकी असतात सुमारे 22,44,000. 2 लाख भरल्यावर बँकेपुढे दोन मार्ग असतात. हप्ता तोच ठेवून मुदत तीन वर्षांनी कमी करणं, किंवा मुदत तीच ठेवून हप्ता सुमारे 1,850 नी उतरवणं. पुष्कळ बँका न विचारताच पहिला मार्ग धरतात. त्यात व्याज जास्त वाचतं हे खरं. तरी मुलं लहान आहेत आणि कमावता एकच आहे, तोवर मी दुसऱ्या मार्गाचा लेखी अर्ज देण्याचा सल्ला देतो. अर्जावर पोच घ्यावी, आणि पुढच्या महिन्याच्या खाते-उताऱ्यात उतरलेला हप्ता आला आहे का ते पाहावं. वाचलेले 1,850 दरमहा जादा भरत राहिलात तर कर्ज तितक्याच लवकर फिटेल.