दहाची जुडी

तुमच्या घरात दुसरीत जाणारे मूल असेल, तर आज संध्याकाळी त्याची एक लहानशी परीक्षा घ्या. तेवीस चिंचोके त्याच्यापुढे ठेवा. मोजायला सांगा, आणि कागदावर आकडा लिहायला सांगा. ते 23 असे लिहील. मग त्यातल्या तीनावर बोट ठेवून म्हणा, "एवढे चिंचोके दाखव बघू." ते तीन चिंचोके बाजूला करील. आता दोनावर बोट ठेवा आणि तेच म्हणा.

माझ्या पुतणीला मी हा प्रश्न विचारला, तेव्हा तिने शांतपणे दोन चिंचोके उचलून दाखवले. मी म्हटले, "आणि हे बाकीचे अठरा?" ती म्हणाली, "ते उरले, काका."

गंमत अशी की, याच मुलीला मी आधी विचारले होते, "दशकाच्या घरात किती?" तर "दोन" हे उत्तर ताडकन आले होते. "एककाच्या घरात?" "तीन." दोन्ही उत्तरे बरोबर. पण ती उत्तरे आकडा कागदावर कुठे बसला आहे याची होती, त्या आकड्याच्या पोटात किती आहेत याची नव्हती. डावीकडचे ते दशक, उजवीकडचे ते एकक, एवढे पाठ असले की वहीतली सगळी गणिते बरोबर येतात. म्हणून हे न समजणे पुष्कळ दिवस कुणाच्या लक्षातच येत नाही.

ते लक्षात येते वजाबाकीच्या वेळी. बेचाळीसातून सतरा वजा करायचे होते. पुतणीने उत्तर लिहिले पस्तीस. चारातून एक गेला, तीन राहिले. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून दोन काढले, पाच राहिले. तिच्या दृष्टीने ही दोन वेगवेगळी गणिते होती, एकमेकांच्या शेजारी लिहिलेली. मी तिला नेहमीची रीत सांगितली, "शेजारच्या चाराकडून एक उसना घ्यायचा." तिने ऐकून घेतले आणि विचारले, "उसना घेतला, तो परत कधी द्यायचा?"

मी कॉलेजात गणित शिकवतो. पण या प्रश्नाला मला चटकन उत्तर सुचले नाही. प्रश्न योग्यच होता. उसना हा शब्द आमचा, चुकीचा. तिथे कुणी कुणाकडून काही घेतच नाही. दहाची एक जुडी सुटी होते, इतकेच. पण ज्याने जुडी कधी बांधलीच नाही, त्याला ती सोडायची कशी हे कळणार कुठून?

म्हणून आपण जुडीपासून सुरुवात करू. सामान अगदी साधे लागते. जुन्या खराट्याच्या शंभर-सव्वाशे काड्या बोटाएवढ्या लांब कापून घ्या, आणि दहाबारा रबरे घ्या. दोऱ्यापेक्षा रबर बरे, कारण जुडी बांधायची तशी सोडायचीही आहे. मणी किंवा चिंचोके मोजायला छान, पण त्यांची जुडी बांधता येत नाही.

इथे मी स्वतः केलेली एक चूक सांगतो. पहिल्या दिवशी वेळ वाचावा म्हणून जुड्या मीच बांधून ठेवल्या. तीन जुड्या आणि चार सुट्या काड्या पुतणीपुढे ठेवून विचारले, "किती?" ती म्हणाली, "सात." तिने सात वस्तू पाहिल्या होत्या, सात सांगितल्या. जुडीत दहा आहेत हे मला ठाऊक होते, कारण मी मोजले होते. तिच्या दृष्टीने ती एक जाड काडी होती. तेव्हा पहिला नियम हा, की जुडी मुलाने स्वतः मोजायची आणि स्वतः बांधायची.

दुसऱ्या दिवशी मी चौतीस काड्यांचा ढीग तिच्यापुढे टाकला आणि दहा-दहाच्या जुड्या करायला सांगितले. दहा मिनिटे गेली, एकदा अकरांची जुडी झाली, ती सोडून पुन्हा बांधली. तीन जुड्या आणि चार काड्या झाल्या. मग विचारले, "सगळ्या मिळून किती?" या ठिकाणी मुलाकडे नीट बघावे. काही मुले रबर काढून पुन्हा एक-दोन-तीन करू लागतात. त्यांना थांबवू नका. त्यांचा अजून जुडीवर विश्वास बसलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणखी दोन-तीन ढीग बांधले की मूल आपोआप जुडीवर बोट ठेवून दहा, वीस, तीस, आणि मग एकतीस, बत्तीस असे मोजू लागते. ज्या दिवशी ते असे मोजेल, त्या दिवशी दहा सुट्यांचा मिळून एक झाला, आणि तरीही त्याचे दहापण गेले नाही, हे त्याला समजले.

यानंतर लिहिणे. जाड पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या कापा. नऊ लांब, त्यांवर 10, 20, 30 असे 90 पर्यंत. नऊ आखूड, लांब चिठ्ठीच्या बरोबर निम्म्या, त्यांवर 1 ते 9. तीन जुड्यांशेजारी 30 ची चिठ्ठी, चार काड्यांशेजारी 4 ची. मग 4 ची चिठ्ठी उचलून तिसाच्या शून्यावर ठेवायची. झाले 34. जी मुले चौतीस हे 304 असे लिहितात, त्यांना इथे उलगडा होतो. ते शून्य कुठे गेले नाही, ते चाराच्या खाली आहे. चिठ्ठी उचलून पाहता येते. पुतणीने ती चारपाच वेळा उचलून पाहिली.

आपल्या भाषेची एक अडचण इथे सांगितली पाहिजे. आपण लिहितो दशक आधी, पण म्हणतो एकक आधी. तेवीस म्हणताना तीन आधी येतात, म्हणून मूल कानाला ऐकू येईल तसे 32 लिहून मोकळे होते. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात तेवीसला वीस तीन असे वाचण्याची पद्धतही दिली, तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली होती. त्या वादात मी शिरत नाही. माझा अनुभव एवढाच, की जुड्या हातात असताना मूल आपणहूनच "वीस आणि तीन" असे म्हणते, आणि मग "म्हणजे तेवीस" असे म्हणते. दोन्ही म्हणू द्यावे.

एकोणतीसची तऱ्हा आणखी वेगळी. नावात तीस, आणि लिहायचे 29. पुष्कळ मुले 39 लिहितात. पण दोन जुड्या बांधून पुढे नऊ काड्या ठेवा आणि विचारा, "तिसरी जुडी व्हायला किती हव्यात?" "एक." "म्हणून हे एकोणतीस. तिसाला एक कमी." एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतची आठही नावे मग उलगडतात. नव्याण्णव तेवढे वेगळे राहते, ते पाठच करावे लागते.

आता खेळ. सापशिडीचा फासा घ्या. फाशावर जेवढे पडतील तेवढ्या काड्या घ्यायच्या, दहा झाल्या की जुडी बांधायची, पन्नासपर्यंत जायचे. पुतणीकडे आठ सुट्या होत्या, फाशावर पाच पडले. तेरा झाल्या, दहांची जुडी बांधली, तीन उरल्या. बेरजेत आपण ज्याला हातचा म्हणतो, तो हाच. आणि या वेळी तो खरोखरच हातात होता.

पुढच्या दिवशी खेळ उलटा. तीन जुड्यांनी सुरुवात, आणि फाशावर पडेल तेवढ्या काड्या परत द्यायच्या. पहिल्याच खेपेस चार पडले. सुटी काडी एकही नाही. पुतणी थांबली, माझ्याकडे पाहू लागली. अशा वेळी गप्प बसणे फार कठीण जाते, विशेषतः मास्तरला. पण गप्प बसावे. मिनिटभराने तिने विचारले, "सोडू का एक?" मी म्हटले, "तुझ्या काड्या, तू ठरव." तिने रबर काढले, चार दिल्या, दोन जुड्या आणि सहा काड्या राहिल्या.

त्यानंतर मी तेच जुने गणित पुढे ठेवले, बेचाळीस वजा सतरा. चार जुड्या, दोन सुट्या. सात द्यायच्या तर दोनच आहेत. तिने एक जुडी सोडली. तीन जुड्या, बारा सुट्या. इथे मी थांबवून विचारले, "आता एकूण किती?" ती जराशी चिडूनच म्हणाली, "बेचाळीसच की!" माझ्या दृष्टीने पाठ इथे पूर्ण झाला. बारातून सात दिल्या, पाच राहिल्या. एक जुडी दिली, दोन राहिल्या. पंचवीस. आणि ती स्वतःच म्हणाली, "काका, यात परत द्यायचंच नाही काही."

हे सारे चार-पाच बैठकांचे काम आहे, एकेक बैठक पंधरा-वीस मिनिटांची. समजले की नाही हे पाहण्यासाठी शेवटी एक युक्ती करा. या वेळी जुड्या उजवीकडे ठेवा आणि सुट्या काड्या डावीकडे. तीन जुड्या उजव्या हाताला, चार काड्या डाव्या हाताला. जे मूल त्रेचाळीस म्हणेल, ते अजून जागा वाचते आहे. जे चौतीस म्हणेल, ते काड्या वाचते आहे.

काड्यांना मर्यादाही आहे. दहा जुड्यांची मोठी मोळी बांधून शंभर दाखवावा, मुलांना ती फार आवडते. त्यापुढे काड्या पुरत नाहीत. आणि काड्या कायमच्या हातात ठेवायच्याही नसतात. शंभर समजला की कागदावर जुडीसाठी उभी रेघ आणि सुट्या काडीसाठी टिंब काढायला सांगावे. रेघ खोडून दहा टिंबे काढली की जुडी सुटली. मग रेघाही जातात आणि नुसते आकडे राहतात. दहा रुपयांचे नाणे मात्र सुरुवातीलाच देऊ नका. त्यात दहा आहेत हे दिसत नाही, ते मानावे लागते. मानण्याआधी दिसायला हवे.

तेव्हा आज चिंचोक्यांची परीक्षा घ्या. मुलाने दोनासाठी वीस चिंचोके दाखवले, तर काड्या कापायची गरज नाही. दोनच दाखवले, तर रागावू नका. खराटा शोधा.