शार्पनेस वाढवला की चित्र खरंच स्पष्ट होतं का?

टीव्ही दुरुस्तीच्या कामात मला एक तक्रार नेहमी ऐकू येते : "एवढा मोठा टीव्ही घेतला, पण लग्नाची डीव्हीडी धूसर दिसते." मग घरातलं कुणीतरी रिमोट घेऊन 'शार्पनेस' शंभरावर नेतं. त्यानं काय साधतं, ते आज पाहू.

आपल्याकडच्या डीव्हीडीचं चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपक्यांचं असतं. फोर-के टीव्हीच्या पडद्यावर ठिपके असतात सुमारे ८३ लाख, म्हणजे वीसपट. दर २० ठिपक्यांमागे एकाच ठिपक्याची माहिती तबकडीवरून येते. उरलेले १९ टीव्ही शेजारचे ठिपके पाहून भरतो. यालाच अपस्केलिंग म्हणतात.

समजा, नवरीच्या गडद शालूमागे उजळ भिंत आहे. शालूच्या ठिपक्याची उजळी ४० आणि भिंतीची २०० धरू. टीव्ही मध्ये ८०, १२०, १६० असे ठिपके घालतो. जिथे पायरी होती, तिथे उतार तयार होतो. डोळ्यांना तोच धूसर वाटतो.

शार्पनेस वाढवला की टीव्ही शालूची कड ४० वरून २० वर आणतो आणि भिंतीची कड २०० वरून २२० वर नेतो. फरक वाढल्यानं कड ठळक भासते. पण शालूची जी जर तबकडीवर उतरलीच नाही, ती परत येत नाही. उलट माणसांभोवती पांढरी रेघ उमटते. नव्या टीव्हीतले प्रोसेसर अधिक सफाईनं अंदाज बांधतात, पण तो अंदाजच.

एसडी वाहिन्यांचं चित्र तर दाबून पाठवलेलं असतं. त्यामुळे चेहऱ्यावर चौकोन आणि अक्षरांभोवती डास घोंगावल्यासारखे ठिपके दिसतात. शार्पनेस तेही ठळक करतो.

मग किती ठेवावा? आधी चित्राचा प्रकार 'विविड'वरून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही'वर न्या. डीव्हीडीतली नावं पडद्यावर असताना चित्र थांबवा. शार्पनेस पूर्ण वाढवा. अक्षरांभोवती रेघ दिसेल. आता तो हळूहळू कमी करा आणि रेघ नाहीशी होताच थांबा. काही टीव्हींमध्ये शून्य म्हणजे 'जसंच्या तसं', तर काहींमध्ये तो बिंदू मध्यावर असतो आणि त्याखाली गेलं की चित्र उलट पुसट होतं. म्हणून आकड्यावर नव्हे, अक्षरांवर नजर ठेवा.

एवढं करूनही चित्र मऊ वाटलं, तर खुर्ची चार पावलं मागे घ्या. लांबून तो उतार डोळ्यांना जाणवत नाही. त्याला पैसे पडत नाहीत आणि चेहऱ्यांभोवती रेघाही उमटत नाहीत.