सुंठीचं मशीन, जहाजाचं भाडं आणि २० टक्के

मागच्या भागानंतर आलेल्या प्रश्नांत एक प्रश्न कोरेगावहून आला होता. कोरेगाव म्हणजे पुणे-मिरज रेल्वेमार्गावरचं साताऱ्याजवळचं आपलं कोरेगाव, आल्याचा पट्टा. एका उद्योजकाने सुंठ दळायचं पल्वरायझर चीनहून मागवलं. न्हावाशेव्याला माल उतरला, ड्युटी भरली, मशीन गावात पोहोचलं. मग त्यांनी विचारलं, "साहेब, मशीन वीस हजार डॉलरचं, मग कस्टम्सने चोवीस हजारांवर ड्युटी कशी काय लावली?" कागद मागवून घेतले आणि बघितले. आजचा भाग त्या कागदांवरच आहे.

आधी एक गोष्ट पक्की करू. कस्टम ड्युटी फक्त मशीनच्या किमतीवर लागत नाही. कस्टम्स अॅक्ट १९६२ च्या कलम १४ प्रमाणे माल भारतातल्या बंदरात पोहोचेपर्यंत जो खर्च झाला, तो धरून जी रक्कम होते, ती असेसेबल व्हॅल्यू. म्हणजे मालाची किंमत, तिथून इथपर्यंतचं भाडं आणि विमा. बोलीभाषेत सीआयएफ. भाडं आणि विमा कसा मिळवायचा हे २००७ च्या कस्टम्स व्हॅल्युएशन रूल्समधल्या नियम १० मध्ये लिहिलंय. सगळी गोष्ट त्या नियमाच्या पोटनियम २ मध्ये आहे.

तो नियम सोप्या भाषेत असा. भाडं खरं किती लागलं ते कळत असेल, तर तेच धरायचं. कळत नसेल, तर एफओबी किमतीच्या २० टक्के भाडं समजायचं. विम्याचंही तसंच, प्रीमियम कळत असेल तर तो, नाहीतर एफओबीच्या १.१२५ टक्के. कोरेगावच्या कागदांत नेमकं हेच झालं होतं, दोन्ही बाबतीत.

आता आकडे घेऊ. डॉलर ८५ रुपये धरतो, हिशेब सोपा व्हावा म्हणून. प्रत्यक्षात कस्टम्सने जाहीर केलेला दर लागतो, आणि बिल ऑफ एन्ट्री ज्या दिवशी भरता त्या दिवशी लागू असलेला. बँकेने तुम्हाला कोणत्या दराने डॉलर दिले ते इथे चालत नाही. मशीन २०,००० डॉलर, एफओबी निंगबो, म्हणजे १७ लाख रुपये. माल एलसीएलने आला, म्हणजे कंटेनरमध्ये इतरांच्या मालाबरोबर. समुद्रभाडं खरं होतं ९०० डॉलर, म्हणजे ७६,५०० रुपये. विमा काढलेला होता, प्रीमियम ३० डॉलर, २,५५० रुपये. हे सगळं धरलं तर असेसेबल व्हॅल्यू होते १७,७९,०५०.

मग बिल ऑफ एन्ट्रीत काय गेलं? भाडं ३,४०,००० आणि विमा १९,१२५. बेरीज २०,५९,१२५. म्हणजे २,८०,०७५ रुपये जास्त. या मशीनवर मूळ ड्युटी ७.५ टक्के, तिच्यावर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज आणि १८ टक्के आयजीएसटी असं धरू. (दर तुमच्या एचएसएनप्रमाणे तपासून घ्या, मी इथे हिशेबापुरते घेतलेत.) ड्युटी आणि सरचार्ज मिळून ८.२५ टक्के, ते २३,१०६ रुपये. मग त्याच्यासकट रकमेवर १८ टक्के, ते ५४,५७३. एकूण ७७,६७९ रुपये जास्त भरले गेले.

यातला आयजीएसटी परत इनपुट क्रेडिटमध्ये मिळतो, कारण सुंठ-पावडर करपात्र माल आहे. पण २३,१०६ रुपये गेले ते गेले, ते मशीनच्या खर्चात बसले. आणि जो माणूस फक्त ताजं आलं विकतो, त्याने यंत्र मागवलं तर? ताज्या आल्यावर जीएसटी नाही, त्यामुळे त्याच्यावर क्रेडिटही नाही. त्याच्यासाठी आख्खे ७७ हजार खर्चात. आल्याच्या पट्ट्यातल्या लोकांनी हा फरक डोक्यात ठेवावा, सीएला विचारून घ्यावं.

बरं, भाडं "कळत नव्हतं" का? कळत होतं हो. फॉरवर्डरने कोटेशन दिलं होतं, "डोअर टू डोअर, एकच रक्कम". त्या एका रकमेत समुद्रभाडं, न्हावाशेव्याचे पोर्ट चार्जेस, आपल्याकडचा ट्रक, सगळं एकत्र. त्यात भाडं किती, हे कोणत्याच कागदावर सुटं लिहिलेलं नव्हतं. बिल ऑफ लेडिंगवर "फ्रेट कलेक्ट" होतं, रक्कम नव्हती. पॉलिसी होती, पण ती बिल भरणाऱ्याकडे पोहोचलीच नाही. मग बिल भरणाऱ्याने नियमाप्रमाणे २० टक्के आणि १.१२५ टक्के टाकले, आणि ते बेकायदेशीर अजिबात नव्हतं. कागद नसला की नियम हेच सांगतो.

इथे नीट ऐका. या परिस्थितीत जो कागद लागतो तो मोठा नसतो. फॉरवर्डरच्या बिलात समुद्रभाडं वेगळ्या ओळीत, किंवा शिपिंग लाइनचं किंवा फॉरवर्डरचं फ्रेट सर्टिफिकेट, लेटरहेडवर, बीएल नंबरसकट. आणि ते बिल ऑफ एन्ट्री भरायच्या आधी हातात हवं. कोटेशन घेतानाच सांगायचं, "मला तीन ओळी सुट्या द्या. तिकडचा खर्च, समुद्रभाडं, इकडचा खर्च." फॉरवर्डर कुरकुर करतात, कारण सुट्या ओळीत त्यांचा नफा दिसतो. करू द्या.

आता कुणी म्हणेल, मग भरून झाल्यावर रिफंड मागू. इथे अडचण आहे. २०१९ सालच्या आयटीसीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बिल ऑफ एन्ट्रीचं असेसमेंट तसंच उभं असताना नुसता रिफंडचा अर्ज चालत नाही. तुम्ही स्वतः भरलेलं असलं तरी ते असेसमेंटच, आधी ते बदलून घ्या. बदलायचे नेहमीचे दोन रस्ते आहेत. एक, कलम १४९ खाली दुरुस्ती. पण माल सुटल्यानंतर ही दुरुस्ती, माल सोडवला त्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदांवरूनच होते. दुसरा, कमिशनर अपील्सकडे अपील, मुदत ६० दिवस. कोरेगावच्या बाबतीत विम्याची पॉलिसी माल निघण्याआधीची, तारखेसकट, त्यामुळे विम्याचा मुद्दा भक्कम. भाड्याचं सर्टिफिकेट मात्र आज काढलं तर त्यावर आजची तारीख येणार. म्हणून मी त्यांना सांगितलं, फॉरवर्डरचा त्याच्या परदेशी एजंटशी झालेला मूळ हिशेब किंवा शिपमेंटच्या वेळचं बिल शोधा. मागची तारीख टाकून कागद बनवायचा विचारसुद्धा करू नका, थोडे पैसे वाचवायला गेलात तर चौकशी मागे लागेल.

दुसरी बाजूही आहे. २० टक्के ही काही सवलत नाही की निवडता येईल. समुद्राने मागवलेल्या मालाचं खरं भाडं ३० टक्के असेल आणि ते कागदावर असेल, तर ३० टक्केच धरावं लागतं. २०२१ साली कंटेनरचं भाडं कित्येक पटींनी वाढलं होतं. तेव्हा जड आणि स्वस्त माल मागवणाऱ्यांच्या असेसेबल व्हॅल्यूत भाड्याचा वाटा नेहमीपेक्षा कितीतरी मोठा झाला.

विमानाने आणलं की मात्र नियम वेगळा, आणि आपल्या फायद्याचा. विमानाचं भाडं कितीही असलं तरी एफओबीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. त्याच पल्वरायझरचे हॅमर आणि जाळ्या तुटल्या, सीझन चालू, वाट बघायला वेळ नाही. सुटे भाग ४०० डॉलरचे, वजन जास्त, विमानभाडं ३५० डॉलर. तुम्ही ३५० भरलेत, पण असेसेबल व्हॅल्यूत भाड्याचे फक्त ८० डॉलर जातात. वेगळी पॉलिसी नसेल तर विमा साडेचार डॉलर. बेरीज ४८४.५. हे न कळल्यामुळे ७५०च्या वर ड्युटी भरलेली बिलं मी बघितली आहेत. बिल ऑफ एन्ट्रीत भाड्याच्या रकान्यात काय गेलंय ते आपण एकदा डोळ्याखालून घालावं.

आता मघाशी म्हणालो ते "इकडचे खर्च". डीओ चार्जेस, बंदरातली हाताळणी, न्हावाशेव्याहून कोरेगावपर्यंतचा ट्रक. हे असेसेबल व्हॅल्यूत येतात का? ट्रक येत नाही, बंदरापर्यंतच मोजायचं. बंदरातल्या हाताळणीची गोष्ट थोडी रंजक आहे. पूर्वी सीआयएफवर सरसकट १ टक्का "लँडिंग चार्जेस" म्हणून मिळवत असत, प्रत्यक्ष खर्च कितीही असो. विप्रोने त्याविरुद्ध केस लढवली. (अमळनेरला तेलाच्या गिरणीने सुरू झालेली तीच विप्रो.) विमानतळावर हाताळणीचं भाडं वजनावर घेतात, मग किमतीवर टक्का का, असा मुद्दा होता. १६ एप्रिल २०१५ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की खरा खर्च कळत असताना काल्पनिक टक्का लावणं कलम १४ ला धरून नाही. मग २६ सप्टेंबर २०१७ ला नियमच बदलला आणि तो १ टक्का गेला. आता बंदरापर्यंत माल आणण्यासाठी तिकडच्या बंदरात झालेली चढउतार-हाताळणी धरतात, इकडच्या बंदरातली धरत नाहीत. आपल्या उदाहरणात जुना १ टक्का असता, तर १७,७९० रुपये आणखी वाढले असते.

शेवटी इनव्हॉइसकडे परत येतो, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. इनव्हॉइसवर एफओबी, सीआयएफ की एक्स-वर्क्स लिहिलंय ते बघा आणि बिल ऑफ लेडिंगशी ताडून बघा. सीआयएफ असेल तर बीएलवर सहसा "फ्रेट प्रीपेड" हवं. एफओबी असेल तर "फ्रेट कलेक्ट". दोन्ही जुळत नसतील तर अधिकारी क्वेरी काढणारच, आणि ती उत्तरं देईपर्यंत बंदरात डिटेन्शन चढतं. एक्स-वर्क्स म्हणजे कारखान्याच्या दारातली किंमत. तिच्यात चीनमधला ट्रक आणि तिकडचे निर्यातीचे खर्च मिळवल्यावर एफओबी होतो. ते न मिळवता एक्स-वर्क्सचाच आकडा एफओबी म्हणून टाकला तर ड्युटी कमी भरली जाते, आणि तो फरक पुढे व्याजासकट मागितला जातो.

एलसीएलवाल्यांसाठी एक जादा सूचना. चीनचा विक्रेता सीआयएफ देतो, भाडं जवळजवळ फुकट दाखवतो, आणि इकडचा कन्सॉलिडेटर डीओच्या वेळी तगडं बिल लावतो. तिथे वाद घालून फारसं काही होत नाही. त्यापेक्षा पुढच्या वेळी एफओबी घ्या आणि भाडं स्वतः ठरवा. तुमच्या फॉरवर्डरकडून आलेल्या बिलात समुद्रभाड्याची उरलेली रक्कम म्हणून एखादी ओळ असेल, तर ती "इकडचा खर्च" नव्हे, ती भाड्यातच धरली पाहिजे.

कोरेगावच्या मंडळींचं पुढे काय झालं ते कळलं की सांगेन. विम्याचा भाग घेऊन १४९ चा अर्ज तयार करायला त्यांना सांगितलंय, आणि अपिलाची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने मांडून ठेवायलाही.