दुसरी नेमणूक



लवादाच्या कामात मुरलेल्या आपल्यासारख्यांपुढे स्वतंत्रपणा आणि निःपक्षपातीपणा यांच्या व्याख्या करत बसण्यात अर्थ नाही. पक्षकाराचाच नोकर किंवा सल्लागार असलेला लवाद ही उघड प्रकरणं असतात. २०१५ च्या दुरुस्तीने लवाद कायद्यात सातवी अनुसूची आणली आणि अशी नेमणूक मुळातच बाद ठरवली. मला आज वेगळ्या लवादाबद्दल बोलायचं आहे. तो प्रामाणिक आहे, विद्वान आहे, त्याने एक पैसाही गैर घेतलेला नाही. तरीही समोर बसलेल्या एका पक्षकाराचा त्याच्यावरचा विश्वास उडतो, कारण सांगायला हवी होती अशी एक गोष्ट त्याने सांगितली नाही. आपल्यातल्या बहुतेकांवर कधी प्रसंग आलाच, तर तो असाच येईल.

असं एक प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलफलाटावर स्फोट झाला. अकरा माणसं गेली आणि समुद्रात तेल पसरलं. फलाट ट्रान्सओशन कंपनीचा होता आणि विहिरीच्या सिमेंटचं काम हॅलिबर्टनकडे होतं. दोघींवर दावे झाले, दोघींनी तडजोडी केल्या आणि ती रक्कम आपापल्या विम्यातून मागितली. दोघींच्या विमा कंपन्यांमध्ये चब ही कंपनी होती. तिने हॅलिबर्टनला पैसे द्यायला नकार दिला आणि वाद लंडनला लवादाकडे गेला. पक्षांनी नेमलेल्या दोन लवादांचं तिसऱ्या नावावर एकमत होईना, म्हणून जून २०१५ मध्ये तिथल्या हायकोर्टाने केनेथ रोकिसन यांना अध्यक्ष नेमलं. त्यांचं नाव चबने सुचवलेलं होतं. चबच्या इतर प्रकरणांत आपण लवाद होतो आणि आताही आहोत, हे त्यांनी नेमणुकीपूर्वी सांगितलं होतं. इथपर्यंत सगळं रीतसर झालं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चबने त्यांना दुसऱ्या एका प्रकरणात आपला लवाद म्हणून नेमलं. ते प्रकरण होतं ट्रान्सओशनच्या विमादाव्याचं. तोच अपघात, तीच विमा कंपनी, पॉलिसीचा नमुनाही तोच. ऑगस्ट २०१६ मध्ये ट्रान्सओशन आणि दुसऱ्या एका विमा कंपनीच्या वादातही त्यांची नेमणूक झाली. हॅलिबर्टनला यातलं काहीच कळवलं गेलं नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिच्या वकिलांना ते बाहेरून कळलं. त्यांनी पत्र लिहिलं. रोकिसन यांनी शांतपणे उत्तर दिलं, की कळवायला हवं हे त्या वेळी मनातच आलं नाही, आणि आता वाटतं की कळवणं शहाणपणाचं ठरलं असतं. ती दोन प्रकरणं प्राथमिक मुद्द्यावर संपली नाहीत, तर त्यांतून बाजूला होण्याची तयारीही त्यांनी दाखवली. हॅलिबर्टनचं समाधान झालं नाही. त्यांना दूर करावं म्हणून ती कोर्टात गेली आणि हरली. अपिलातही हरली. दरम्यान मूळ प्रकरणाचा निवाडा चबच्या बाजूने गेला. हॅलिबर्टनने नेमलेल्या लवादाने त्या निवाड्यात सहभागी व्हायला नकार दिला.

आता हॅलिबर्टनच्या वकिलाच्या जागी बसून पाहा. दुसऱ्या प्रकरणात चब त्याच लवादापुढे तशाच स्वरूपाचा युक्तिवाद करते आहे. कोणता मुद्दा त्याला पटतो, कोणत्या प्रश्नावर तो अडतो, कोणता पुरावा त्याला हलका वाटतो, हे तिला दिसतं. पहिल्या प्रकरणात ती त्या माहितीनिशी येते. तुम्हाला मात्र असं दुसरं दालन आहे, हेच ठाऊक नसतं. तिथे जे बोललं गेलं त्याला तुम्ही उत्तर देऊ शकत नाही, कारण ते बोललं गेलं हे तुम्हाला माहीत नाही. लवादाचं मन कितीही स्वच्छ असलं, तरी ही असमानता राहतेच. ती त्याच्या चारित्र्यातून येत नाही, बसण्याच्या व्यवस्थेतून येते. म्हणून ‘माझ्यावर संशय घेता?’ असं एखादा लवाद दुखावून विचारतो, तेव्हा मला ते अस्थानी वाटतं. प्रश्न त्याच्या मनाचा नसून पक्षकाराला काय दिसतं याचा आहे.

२७ नोव्हेंबर २०२० रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. त्यात दोन प्रश्न वेगळे केले आहेत आणि माझ्या मते ते आपण कायमचे लक्षात ठेवावेत. पहिला प्रश्न असा, की सांगायला हवं होतं का? उत्तर होतं, हो. ते सौजन्य नव्हतं, कायदेशीर कर्तव्य होतं, आणि त्याचा भंग झाला. दुसरा प्रश्न असा, की म्हणून लवादाला दूर करायचं का? उत्तर होतं, नाही. पहिल्या प्रश्नासाठी न्यायालयाने कर्तव्य उद्भवलं तो काळ पाहिला, आणि दुसऱ्यासाठी लवादाला हटवण्याच्या अर्जाची सुनावणी झाली तो काळ. सगळी परिस्थिती जाणणाऱ्या निःपक्ष त्रयस्थाला त्या दिवशी पक्षपाताची खरी शक्यता वाटली असती का, हा निकष होता. असं कर्तव्य आहे की नाही हेच तेव्हा इंग्लिश कायद्यात स्पष्ट नव्हतं. नंतरच्या प्रकरणांची पहिल्याशी सरमिसळ फारशी होणार नव्हती. गुप्त लाभ कोणताही नव्हता. आणि आक्षेप आल्यावर लवाद चिडले नाहीत. या सगळ्याचं वजन पडलं. यातलं पहिलं कारण पुढे कोणालाच मिळणार नाही, कारण तिथल्या २०२५ च्या कायद्याने हे कर्तव्य लेखी केलं आहे आणि लवादाला जे ठाऊक असणं अपेक्षित आहे तेही त्यात धरलं आहे.

हाच प्रसंग मुंबईत किंवा नागपुरात घडला तर काय होईल? समजा एका सार्वजनिक महामंडळाने एका रस्त्याचं काम दोन टप्प्यांत दोन कंत्राटदारांना दिलं. दोघांची तक्रार एकच, की जागा वेळेवर ताब्यात मिळाली नाही. कंत्राटातलं कलमही शब्दशः एकच. पहिल्या कंत्राटदाराच्या वादात लवाद मंडळाचे अध्यक्ष असलेल्या निवृत्त न्यायमूर्तींना महामंडळाने दुसऱ्या वादात आपला लवाद नेमलं.

सांगायचं की नाही, याबाबत आपला कायदा इंग्लंडच्या तेव्हाच्या कायद्यापेक्षा पुष्कळ स्पष्ट आहे. पाचव्या अनुसूचीतली चोविसावी नोंद याच परिस्थितीची आहे: त्याच पक्षकाराच्या, संबंधित मुद्द्यावरच्या दुसऱ्या प्रकरणात लवाद आज काम करतो किंवा गेल्या तीन वर्षांत त्याने केलं आहे. कलम १२ पोटकलम २ सांगतं, की ही जबाबदारी नेमणुकीच्या दिवशी संपत नाही, ती कार्यवाही संपेपर्यंत चालते. आपल्याकडे चूक इथेच होते. सहाव्या अनुसूचीतलं प्रकटीकरणपत्र सुरुवातीला एकदा भरलं जातं, फाइलला लागतं आणि पुन्हा कोणी उघडत नाही. मी अनेक प्रकरणांत पाहिलं आहे, की चालू प्रकरणांची संख्या तेवढी लिहिलेली असते. ती कोणाची, नेमलं कोणी, वाद कशाचा, यातलं काहीच नसतं. तशा पत्रातून चोविसावी नोंद लागू होते की नाही हे कोणालाच कळू शकत नाही. म्हणून माझी विनंती आहे, की दुसरी नेमणूक स्वीकारण्याआधी लवादाने पहिल्या प्रकरणातल्या पक्षकारांना चार ओळी लिहाव्यात: प्रकरण कोणाचं, नेमलं कोणी, सामाईक मुद्दा कोणता. यापेक्षा जास्त काही लागत नाही.

एक अडचण खरी आहे. २०१९ मध्ये आलेलं कलम ४२-अ कार्यवाहीची गोपनीयता राखायला सांगतं आणि अपवाद फक्त निवाड्याच्या अंमलबजावणीपुरता देतं. प्रकटीकरणासाठी अपवाद ठेवलेला नाही, आणि ती त्रुटी संसदेने दूर करायला हवी. तोवर सुरक्षित वाट एवढीच, की ज्याला नेमायचं आहे त्या पक्षकाराकडूनच आधी लेखी संमती घ्यावी. तो देत नसेल, तर नेमणूक नाकारावी.

आता कंत्राटदाराच्या वकिलाकडे येऊ. त्याला हे कळलं त्या दिवसापासून कलम १३ खाली पंधरा दिवस मिळतात. त्या मुदतीत आक्षेप लेखी, कारणांसह द्यावा लागतो. बरेच वकील इथे बिचकतात. पुढची तारीख याच लवादापुढे आहे, तो दुखावेल, असा विचार करून ते गप्प बसतात. मग निवाडा विरुद्ध गेला की आक्षेप आठवतो, आणि तोवर हक्क सोडल्यासारखं होतं. आधी नुसतं विचारणा करणारं पत्र लिहायलाही हरकत नाही, पण ते पहिल्या दोन-तीन दिवसांत जायला हवं, कारण उत्तराची वाट पाहताना मुदत थांबत नाही.

आक्षेपाचा निर्णय कोण करतं? तेच मंडळ, आणि आक्षेप ज्याच्यावर आहे तोही त्यात बसतो. फेटाळला, तर काम पुढे चालतं आणि निवाड्यानंतर कलम ३४ खालीच कोर्टाचं दार उघडतं. एचआरडी कॉर्पोरेशन विरुद्ध गेल या २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही विभागणी पक्की केली: सातव्या अनुसूचीत बसणारा लवाद असेल तर कलम १४ खाली थेट कोर्ट, पाचवीपुरता आक्षेप असेल तर आधी मंडळ आणि मग निवाड्यानंतर. चोविसावी नोंद सातव्या अनुसूचीत नाही. म्हणजे हॅलिबर्टनला लंडनमध्ये प्रकरण चालू असताना कोर्टात जाता आलं. आपल्या कंत्राटदाराला निवाडा होईपर्यंत त्याच दालनात बसावं लागेल. त्याच निकालात दुसरी बाजूही दिसते. एका लवादाने गेल कंपनीला पूर्वी असंबंधित विषयावर एकदा कायदेशीर मत दिलं होतं आणि ते स्वतःच सांगितलं होतं. न्यायालयाने त्यांना अपात्र मानलं नाही. नोंदींचा अर्थ ओढूनताणून लावायचा नाही, हे त्यातून पुरेसं स्पष्ट होतं. कार्यवाही अडवण्यासाठी आक्षेप घेणारे पक्षकार मी पाहिले आहेत, आणि त्यांना हाच निकाल दाखवावा लागतो.

थेट कोर्टाचं दार प्रत्येक आक्षेपाला उघडावं, असं मी म्हणणार नाही. मग एकही लवाद प्रकरण वेळेत संपणार नाही. पण आपल्याच विरुद्धच्या आक्षेपावर आपणच निर्णय द्यायचा, ही रचना मला पटत नाही, आणि ती बदलायला कायदादुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही. आक्षेपाची पद्धत पक्षकारांनी आपसात ठरवावी, ही मुभा कलम १३ च्या पहिल्याच पोटकलमात आहे. मुंबई सेंटर फॉर इंटरनॅशनल आर्बिट्रेशनच्या नियमांत आक्षेपाचा निर्णय लवादांकडे नसून संस्थेच्या कौन्सिलकडे आहे. ज्यांना संस्थेकडे जायचं नाही, त्यांनी लवाद कलमातच दोन वाक्यं घालावीत: नेमणुकीनंतरची प्रत्येक संबंधित नेमणूक लवादाने सात दिवसांत लेखी कळवावी, आणि आक्षेप आल्यास त्याचा निर्णय मंडळाबाहेरच्या, आधीच नाव ठरवलेल्या व्यक्तीने तीस दिवसांत करावा. कंत्राटाचा मसुदा करताना अशिलाला यासाठी राजी करणं सोपं असतं, कारण तेव्हा दोन्ही बाजूंना आपण दालनाच्या कोणत्या बाजूला बसणार आहोत हे माहीत नसतं. या अधिवेशनाच्या मसुदा समितीने ही दोन वाक्यं उद्या सकाळच्या सत्रात चर्चेला घ्यावीत, असं मी अध्यक्ष म्हणून सुचवतो.